लेकरू कान ओढतंय, ताप आहे, आणि हे तिसऱ्यांदा होतंय

"म्याडम, रातभर डोळ्याला डोळा नाही लागू देला पोट्ट्यानं. कानच वढून रायलं. दात येऊन रायले असतीन न?"

कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या ओपीडीत हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकू येतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लहान मुलं तपासते. वाक्य एकच असलं तरी त्यामागचं दुखणं दर वेळी वेगळं निघतं. कधी खरंच कानाच्या पडद्यामागे पू भरलेला असतो. कधी साधं पडसं असतं आणि लेकराला झोप आलेली असते. एकदा कानात तुरीचा दाणा निघाला होता. म्हणून आधी कान ओढण्याचं काय ते सांगते, मग दुखणं परत परत का येतं त्याकडे वळते.

कान ओढणं ही फार कच्ची खूण आहे. सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतची मुलं झोप आली, कंटाळा आला, दात शिवशिवले, डोक्याला घाम आला तरी कानाशी चाळा करतात. लेकरू खेळतंय, खातंय, ताप नाही, फक्त कानाला हात जातोय, तर बहुतेक वेळा कानाला काही झालेलं नसतं. आणि दातांमुळे अंग थोडं कोमट झालं तरी १०२ ताप येत नाही. तो ताप दातांच्या नावावर टाकू नका.

मी कान बघायच्या आधी घरच्यांना तीन गोष्टी विचारते. नाक कधी वाहायला लागलं? मधल्या कानाचं दुखणं सहसा पडशाच्या मागून, तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं. पडसं उतरतंय असं वाटत असतानाच ताप चढतो. दुसरा प्रश्न, रडणं आडवं केल्यावर वाढतं का? खांद्यावर उभं धरलं की शांत, पाळण्यात टाकलं की किंकाळी, हे मला कान ओढण्यापेक्षा जास्त पटतं. तिसरा, दूध कसं पितंय? भूक लागलेलं लेकरू दोन-तीन घोट घेतं आणि तोंड सोडून रडतं, कारण चोखताना-गिळताना कानातला दाब बदलतो आणि कळ येते. या तिन्हींना 'हो' आलं की कान बघायच्या आधीच माझा अर्धा निकाल झालेला असतो. सोबत उलटी किंवा पातळ संडास असली म्हणून पोटाचंच दुखणं समजू नका. या वयात कानाच्या तापात तेही होतं.

बाहेरच्या कानाचं दुखणं असेल तर ते घरीही ओळखता येतं. कानाच्या भोकापुढे जी छोटी कूर्चा असते ती हलकेच दाबा, पाळ जरा ओढा. तेवढ्यानं लेकरू किंचाळलं तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत आहे: फोड, खाज, काडी घातल्याची जखम किंवा अडकलेला दाणा. मधल्या कानाच्या दुखण्यात पाळ ओढल्यानं कळ वाढत नाही. उलट लेकरू स्वतःच ती ओढत असतं.

आत काय झालेलं असतं

नाकाच्या मागून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. तिचं काम कानात हवा खेळती ठेवायचं आणि आतलं पाणी घशात उतरवायचं. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान लेकरात ती जेमतेम निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी असते. शेतातल्या नालीला उतार नसला की पावसाचं पाणी बांधाशी तुंबतं, तसंच. पडशानं नळीचं तोंड सुजलं की आतलं पाणी आतच राहतं, नाकातले जंतू त्यात शिरतात, पू होतो आणि पडद्याला आतून बाहेर ढकलतो. कळ त्या ताणाची असते.

निरोगी पडदा कांद्याच्या आतल्या पातळ पापुद्र्यासारखा दिसतो, राखाडी, अर्धवट आरपार, आणि दुर्बिणीचा उजेड त्याच्या एका कोपऱ्यात तिरपा चमकतो. पू भरलेला पडदा फुगतो. मधे तो एका हाडाला चिकटलेला असल्यामुळे खळगी तशीच राहते आणि भोवताल वर येतो, मेदूवड्यासारखा. रंग पिवळट किंवा गडद लाल, चमक गेलेली. मी शोधते तो हा फुगवटा. नुसत्या लाल पडद्यावर निदान करू नये, कारण पाच मिनिटं जोरात रडलेल्या किंवा ताप असलेल्या कुठल्याही लेकराचा पडदा लालच दिसतो. 'कान लाल आहे' एवढ्यावर अँटिबायोटिक लिहून मिळालं असेल तर "पडदा फुगलाय का?" असं विचारायला लाजू नका.

एक सावधगिरी. गडचिरोली-गोंदियाकडे, किंवा मलेरिया असलेल्या कुठल्याही पट्ट्यात, ताप असलेल्या लेकराची बोटाची रक्तचाचणी करूनच घ्या, कान कितीही लाल दिसला तरी. एकाच लेकराला दोन्ही असू शकतं.

एक लेकरू, तीन वेळा

आता सुरुवातीला बोलली त्या आजीचं. नातू चौदा महिन्यांचा, वजन ९ किलो. आई-वडील वेचणीला जातात, लेकरू आजीकडे. जानेवारीतली गोष्ट. दिवाळीपासून कान दुखण्याची ही तिसरी वेळ. आजीनं जुन्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून आणल्या होत्या. माझ्यासाठी ते सोन्याहून मोलाचं होतं.

पहिल्यांदा, दिवाळीत, अमॉक्सिसिलिनचं औषध मिळालं होतं. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं, बाटली ३० मिलीची. एक चमचा सकाळी, एक संध्याकाळी. म्हणजे दिवसाला १० मिली, आणि बाटली तिसऱ्या दिवशी रिकामी. तोवर ताप उतरला होता, म्हणून पुढची बाटली कोणी आणली नाही.

हिशोब मांडू. मधल्या कानासाठी हे औषध दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम लागतं, कारण पडद्यामागच्या पुवापर्यंत ते कमीच पोचतं. ९ किलोला दिवसाचे साधारण ७२० मिलिग्रॅम झाले. मिळत होते २५०, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि तेही तीनच दिवस. ताप उतरला तो बहुधा लेकराच्या स्वतःच्या जोरावर. हे दुखणं पुष्कळ वेळा आपोआपही उतरतं, आणि तिथंच आपली फसगत होते. अर्धं औषध घालूनही बरं वाटतं.

दुसऱ्यांदा, नोव्हेंबरअखेर, मेडिकलमधून कानात टाकायचे थेंब आणले. पडदा शाबूत असेल तर कानातले थेंब त्यापलीकडे जातच नाहीत. दाराला कुलूप आहे आणि आपण ओसरीवर पाणी शिंपडतोय, तसं. सोबत आजीनं लसूण कढवून तेल टाकलं. "कोमट होतं जी, हातावर पाहून टाकलं," असं ती म्हणाली, आणि मला तिच्यावर रागावता आलं नाही, कारण माझ्या आईनंही माझ्या कानात तेच टाकलं होतं. पण तेल पडद्यामागे पोचत नाही, वर मळ आणि तेलाचा थर बसतो आणि मला पडदा दिसत नाही. तेल जास्त गरम असलं तर नळी भाजते. आणि पडदा आधीच फुटलेला असेल तर तेल थेट आत जातं.

तिसऱ्या वेळी, माझ्याकडे आलं तेव्हा, ताप १०२.५. तेल पुसून पाहिलं तर डावा पडदा मेदूवडा. उजव्यात फुगवटा नाही, पण पडद्यामागे पाण्याची रेघ आणि दोन बुडबुडे. म्हणजे उजव्या कानात मागच्या वेळचं पाणी अजून साचलेलं होतं.

त्या रात्री काय केलं

आधी कळ थांबवली. अँटिबायोटिक पहिल्या २४ तासांत दुखण्याला काही करत नाही, त्यामुळे पहिली रात्र पॅरासिटामॉलवरच निघते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी, दिवसाला चारदापेक्षा जास्त नाही. ९ किलोला १२५ मिलिग्रॅम पुरे. पण १२५ मिलिग्रॅम म्हणजे किती मिली, ते बाटलीवर ठरतं. ५ मिलीत १२५ वाल्या सिरपचे ५ मिली, ५ मिलीत २५० वाल्याचे २.५ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे सव्वा मिली. आजी पहिल्या प्रकारातलं अर्धा चमचा देत होती. निम्माच डोस, मग लेकरू झोपेल कसं? याच्या उलट चूक जास्त वाईट. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर एका दमात ५०० मिलिग्रॅम जातात. म्हणून घरातल्या चमच्यानं नाही, बाटलीसोबत येणाऱ्या खुणांच्या मापानं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं मोजा, आणि बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा.

आयबुप्रोफेनही चालतं, सहा महिन्यांवरच्या लेकराला. पण डेंग्यूच्या दिवसांत, किंवा उलट्या-जुलाबांनी लेकरू सुकलेलं असेल तर मी ते टाळते. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी 'तापाचं भारी औषध' म्हणून मागणारे येतातच. नाक मोकळं करायची मिश्र सिरप चार वर्षांखाली नकोत, आणि त्यांनी कानातलं पाणी उतरतही नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून दूध पाजायच्या आधी शेंबूड काढणं, एवढंच मी सांगते.

अँटिबायोटिक प्रत्येक कानाला लागत नाही. दोन वर्षांवरचं मूल, किंवा सहा महिन्यांवरचं पण एकच कान, ताप १०२ च्या आत आणि कळ फार नसेल, तर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस थांबता येतं. अट एकच, तिसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा कान बघणार असेल तर. ज्या गावाहून एसटी दिवसातून दोनदाच येते, तिथल्या लेकराबाबत मी थांबायला बिचकते. या नातवाला ताप जास्त होता, कळ दोन दिवसांच्या वर चाललेली, म्हणून औषध सुरू केलं. मागच्या महिन्याभरात त्यानं अमॉक्सिसिलिन घेतलं नव्हतं, त्यामुळे तेच साधं औषध पुरेसं होतं. ५ मिलीत २५० वालं, ७.५ मिली सकाळी आणि ७.५ मिली संध्याकाळी.

किती दिवस? सरकारी केंद्रातल्या तक्त्यात पाच दिवस असतात. दोन वर्षांखाली मी दहा देते. अमेरिकेत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच दिवस औषध घेतलेल्यांपैकी १०० त ३४ मुलांचा उपचार फसला, दहा दिवसवाल्यांत १६. दहा दिवस म्हणजे १५० मिली, ३० मिलीच्या पाच बाटल्या. पाचही बाटल्या पहिल्याच दिवशी घरी न्यायला सांगितल्या आणि एकेक संपेल तशीच पुढची उकळून गार केलेल्या पाण्यात, बाटलीवरच्या रेघेपर्यंत, कालवायची. कालवलेलं औषध लेबलवरच्या मुदतीनंतर ठेवायचं नाही. ते 'पुढच्या वेळेसाठी' म्हणून फळीवर ठेवलेलं मी किती घरांत पाहिलंय!

४८ तासांत ताप उतरायला लागला नाही, किंवा कळ तशीच राहिली, तर औषध बदलावं लागतं. तेव्हा दहा दिवस पुरे होण्याची वाट बघत बसू नका.

कान फुटला तर

कधी कधी पहाटे उशीवर पिवळा डाग दिसतो आणि रात्रभर रडलेलं लेकरू शांत झोपलेलं असतं. पडदा फुटून पू बाहेर आलेला असतो, ताण गेला म्हणून कळही गेली. घरचे घाबरतात, पण असं भोक बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतं. तोवर कान कोरडा ठेवायचा. जुन्या सुती कपड्याचा धुऊन, उन्हात वाळवलेला तुकडा घ्या, समईच्या वातीसारखा पीळ द्या, काडी न लावता. वात कानाच्या तोंडात हलकेच ठेवा, ओली झाली की काढा, दुसरी ठेवा, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. कापसाच्या मुलखात आपण कान फुटला की कापसाचाच बोळा कोंबून मोकळे होतो, पण तो आत पू अडवून धरतो. आंघोळीत कानात पाणी जाऊ देऊ नका. या अवस्थेत थेंबांचा उपयोग होतो, पण कुठले ते डॉक्टरला ठरवू द्या. काही थेंब फुटलेल्या पडद्यातून आत गेले तर ऐकण्याच्या नसेला इजा करतात. चौदा दिवसांवर कान वाहत राहिला तर ते दुखणं वेगळं, त्याला कान-नाक-घशाचा डॉक्टर लागतो.

काही गोष्टींत मात्र सकाळची एसटी बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. कानामागे सूज, तिथं हात लावू देत नाही, पाळ पुढे आणि खाली ढकललेली दिसते: पू कानामागच्या हाडात गेला आहे. मान कडक, झटका, हाक मारून डोळे न उघडणं, पोटात पाण्याचा थेंबही न टिकणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं. आणि तीन महिन्यांखालचं बाळ असेल तर १००.४ ताप एवढंच कारण दवाखान्याला पुरे.

परत का येतं

सहा महिन्यांत तीनदा, किंवा वर्षात चारदा, असं झालं तर त्याला वारंवार होणारं दुखणं म्हणतात आणि तज्ज्ञाला दाखवायचं असतं. पण ते मोजण्याआधी बघावं लागतं, की हे खरंच नवं दुखणं आहे की जुनंच नीट न मिटलेलं. आजीच्या पिशवीनं ते उघड केलं. पहिल्या वेळचं औषध अपुरं, दुसऱ्या वेळचं चुकीच्या जागी.

दुसरी गोष्ट साचलेल्या पाण्याची. जंतू मेल्यावरही पडद्यामागे पाणी काही आठवडे राहतं, बहुतेकांत तीन महिन्यांत आटतं. त्या काळात कान दडे बसल्यासारखा वाटतो, लेकरू पुन्हा कानाशी हात नेतं, आणि घरचे म्हणतात परत आलं. ताप नाही, रात्रीचं रडणं नाही, फुगवटा नाही, तर हे पाणीच, आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. एकेका लेकराला अशा पाण्यापायी हिवाळ्यात चार-चार कोर्स झालेले मी पाहिलेत.

मग घरात काय आहे ते विचारलं. नातू झोळीत झोपतो, दुधाची बाटली तोंडात आणि तिला उशीचा टेकू. आडवं पिताना दूध घशातून त्या आडव्या नळीकडे जातं. शेजारीच चूल, तीत पऱ्हाट्या जळतात, आणि दार लावलेलं कारण थंडी. पऱ्हाटीच्या धुरानं नाक-घशाचं अस्तर सुजलेलं राहतं, विडीच्या धुरानंही तेच होतं. चूल बंद करा म्हणणं मला सोपं आहे, सिलिंडर भरायचे पैसे आजीनं आणायचे कुठून? म्हणून मागितलं ते एवढंच: झोळी चुलीपासून दूर, दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर, बाटली बंद, वाटी-चमच्यानं दूध, मांडीवर डोकं उंच धरून, आई घरी असेल तेव्हा अंगावरचं.

लसीचं कार्डही पाहिलं. न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा सरकारी केंद्रात फुकट मिळते. या जंतूमुळे होणारी कानदुखी ती काही अंशी टाळते, सगळी नाही. नातवाचा नऊ महिन्यांचा डोस राहिला होता, वेचणीमुळे.

आजीला दिनदर्शिका दिली. नाक वाहिलं त्या तारखेवर एक टिंब, ताप आला त्यावर फुली, कान वाहिला तर गोल. लिहिता-वाचता येत नाही तिला, पण टिंब-फुली येते.

दोन दिवसांनी ताप नव्हता. दहा दिवसांनी डावा पडदा बसला होता, मागे पाणी होतं. दीड महिन्यानं उजवा कान कोरडा, डाव्यात अजून रेघ. दिनदर्शिकेवर तोवर दोन टिंबं, फुली एकही नाही. एप्रिलमध्ये पुन्हा बोलावलंय, पहिल्यांदा पाणी दिसलं त्याला तीन महिने पुरे होतील म्हणून. तेव्हाही डावा भरलेला असला तर ऐकण्याची तपासणी करायला जिल्ह्याला पाठवीन. अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून ती चिठ्ठी फुकट होते. तोवर आजीला एक काम दिलंय: लेकराच्या पाठीमागून, त्याला न दिसता, हळू आवाजात नाव घ्यायचं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि मान कुठं वळते ते मला सांगायचं.